चित्रफितीवरचे आभार

निरोप समारंभाच्या चित्रफितीवर वाजणारं आभाराचं भाषण व्यासपीठावरच्या भाषणासारखं लिहिलं, की फसतं. समजा, फीत दीड मिनिटाची आहे. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण 110 शब्द होतात, म्हणजे दीड मिनिटात 165. पण तेवढे लिहायचे नाहीत. फोटो बघून सभागृह हसतं, ओरडतं, आणि त्या गोंगाटात वाक्य बुडतं. म्हणून एक तृतीयांश वेळ मोकळा सोडून 110 शब्दांवर थांबावं. सगळ्यांत मोठी मोकळी जागा सहलीच्या फोटोंवर ठेवावी. तिथे तुमचं कोणी ऐकणार नाही.

दुसरी चूक म्हणजे पडद्यावर दिसतंय तेच बोलणं. प्रयोगशाळेचा फोटो असताना ‘ही आमची प्रयोगशाळा’ कशाला? त्याऐवजी: ‘काकांनी सहानंतरही कुलूप लावलं नाही, म्हणून आमचं जर्नल पूर्ण झालं.’ फोटोत नसलेले काका या एका वाक्याने आत येतात. नावांची यादी मात्र शेवटच्या पाटीवर लिहावी. बोलताना एक नाव हमखास सुटतं, आणि ध्वनिमुद्रण झाल्यावर ते घुसवता येत नाही.

आवाज मोबाइलवर, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून घ्यावा. खाली शब्द असलेलं गाणं नको, नुसती धून हवी, तीही बोलताना दबलेली. हेडफोनवर सगळं छानच वाटतं. रिकाम्या सभागृहात मागच्या रांगेत बसून एकदा ऐकावं.