अल्प परिचयातील अभीष्टचिंतन

व्यापारी घरातील माणसाला अनेकदा अशा व्यक्तींना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याव्या लागतात, ज्यांच्याशी व्यवहार दाट असतो, परंतु परिचय विरळ. परगावचे गिऱ्हाईक, दलाल, आडते किंवा नुकतेच जोडले गेलेले व्याही ही त्यांतील नेहमीची मंडळी. त्यांची आवडनिवड, घरातील माणसे, छंद यांची आपणांस माहिती नसते. मग फुलांचे चित्र आणि चार ठरावीक शब्द भ्रमणध्वनीवरून पुढे ढकलले जातात. ते कोणालाही पाठवता येतात, आणि म्हणूनच ते कोणाचेच नसतात.

अशा वेळी त्या व्यक्तीविषयी अंदाज बांधत बसू नये. तिची आवड ठाऊक नसली, तरी ती आपल्याशी कशी वागते हे ठाऊक असते, आणि शुभेच्छेचे बीज तेथेच सापडते.

एक उदाहरण कल्पून पाहू. इचलकरंजीच्या एका कापड पेढीचे लातूर येथे एक वयस्क गिऱ्हाईक आहे. आठ वर्षांचा व्यवहार, प्रत्यक्ष भेट मात्र एकदाच. पेढीवरील तरुणाने आठवून पाहिले, तेव्हा दोन गोष्टी हाती लागल्या. माल उतरला की त्याच दिवशी पोच कळवणारा त्यांचा फोन येतो. आणि एका पावसाळ्यात दोन गाठी वाटेत भिजल्या, तेव्हा त्यांनी चांगले तागे स्वतः निवडून ठेवून घेतले व केवळ खराब झालेले तागेच परत धाडले. एवढ्या सामग्रीवर पुढील मजकूर सिद्ध होतो :

‘आदरणीय काका, सादर नमस्कार. आज आपला वाढदिवस असल्याचे समजले. माल पोचल्याचा आपला फोन आला की आमची पेढी निश्चिंत होते. त्या पावसाळ्यात भिजलेल्या गाठींतून आपण चांगले तागे निवडून ठेवलेत, ही गोष्ट आमच्या घरात आजही सांगितली जाते. आपणांस निरामय दीर्घायुष्य लाभो, ही प्रार्थना.’

येथे आधी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आली, मग तिचे आपल्या लेखी असलेले मोल आणि शेवटी सदिच्छा. मजकूर साधला की नाही, हे ताडण्याचा उपाय सोपा आहे. काकांच्या जागी दुसऱ्या गिऱ्हाइकाचे नाव घालून पाहावे. मजकूर तरीही चपखल बसत असेल, तर तो अद्याप त्यांचा झालेला नाही.

या मजकुरात ‘आपण पैसे नेहमी वेळेवर देता’ असे वाक्य नाही, हेही लक्षात घ्यावे. ते खरे असले, तरी वाढदिवशी त्याला तगाद्याचा वास येतो. नव्या मालाचे नमुने त्याच संदेशाला जोडले, तर सारी शुभेच्छाच जाहिरात ठरते.

संबोधनालाही वयाची मर्यादा असते. आशीर्वाद वडीलधाऱ्यांनी धाकट्यांना द्यावयाचा. धाकट्याने वडिलांसाठी प्रार्थना करावी, अभीष्ट चिंतावे. ‘चिरंजीव हो’ हे शब्द साठीच्या व्याह्यांना तिशीतील माणसाने लिहिले, तर ते विपरीत दिसते. समोरची व्यक्ती जैन असेल तर ‘जय जिनेंद्र’ स्वाभाविक वाटते. तशी खात्री नसेल तर ‘नमस्कार’ पुरेसा आहे. केक आणि मेजवानीची चित्रेही टाळावीत, कारण त्या घरचे आहारनियम आपणांस ठाऊक नसतात. त्या घरात वर्षभरात कोणाचे निधन झाले असल्यास ‘आनंदोत्सव’ हा शब्द वगळून केवळ आरोग्याची इच्छा व्यक्त करावी.

तारखेविषयी बँकेतील अनुभवावरून थोडे सांगतो. जुन्या पिढीतील अनेकांच्या कागदपत्रांवर १ जून ही जन्मतारीख आढळते, कारण शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसे व गुरुजी ती लिहून टाकीत. काही ज्येष्ठ मंडळी तारखेऐवजी तिथीच मानतात. शिवाय एखाद्या कामासाठी दिलेल्या कागदांवरून तारीख उचलून शुभेच्छा धाडली, तर समोरच्याला संकोच वाटतो. तारीख त्यांच्या मुलाकडून अथवा मध्यस्थ दलालाकडून विचारून घेणे उत्तम. त्याच वेळी ‘सध्या ते कशात रमतात?’ हा एक प्रश्न विचारला, तर पुढील वर्षीचीही सोय होते.

एवढेही कळले नाही, तर दोनच ओळी लिहाव्यात. ‘आपली भेट फार झालेली नाही, पण दूरध्वनीवरील आपला शांत स्वर लक्षात राहिला आहे,’ हे खरे असेल तर पुरते. नसलेली जवळीक शब्दांनी उभी केली की वाचणाऱ्याला ती तत्काळ कळते. जमेच्या बाजूला जेवढे आहे, तेवढेच मांडावे.