सर, मला ओळखलंत का?

नोव्हेंबर उजाडला की इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या मोबाइलवर एक ठरावीक मेसेज येऊ लागतो : ‘सर, मला ओळखलंत का? अर्जंट एलओआर हवा होता.’ परदेशी एमएसला निघालेल्या जुन्या विद्यार्थ्याचा हा निरोप असतो. एलओआर म्हणजे शिफारसपत्र. ऑगस्टच्या आसपास सुरू होणाऱ्या सत्रासाठी अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते आणि साधारण तीन पत्रं मागितली जातात. दरवर्षी शेकडो चेहरे पाहणाऱ्या सरांना एवढ्या निरोपावरून काय आठवणार? मग ‘विद्यार्थी कष्टाळू व प्रामाणिक आहे’ असं कोणालाही लागू पडणारं पत्र तयार होतं. निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही.

चांगल्या पत्राला प्रसंग लागतो, आणि तो आठवून देण्याचं काम विनंतीच्या मेसेजनं करायचं असतं.

समजा, सांगली भागातल्या कॉलेजातून २०२२ साली मेकॅनिकल झालेली एक मुलगी आता पुण्यात नोकरी करते. तिनं विभागप्रमुखांऐवजी प्रोजेक्ट गाईडना मेल केला, हे पहिलं शहाणपण. मोठ्या हुद्द्याच्या पण ओळख नसलेल्या माणसाच्या पत्रापेक्षा काम जवळून पाहिलेल्याचं पत्र केव्हाही वजनदार. मुदतीच्या सहा आठवडे आधी पाठवलेल्या त्या मेलचा मजकूर असा असू शकतो :

‘सर, सादर नमस्कार. मी २०२२च्या बॅचची. तिसऱ्या वर्षी तुम्ही आम्हाला हीट ट्रान्सफर शिकवलंत आणि शेवटच्या वर्षी बेदाण्याच्या सोलर ड्रायरचा आमचा प्रोजेक्ट तुमच्याकडे होता. पहिल्या चाचणीत वरच्या ट्रेमधली द्राक्षं ओलीच राहिली होती. तेव्हा तुमच्या सांगण्यावरून मी दर दोन तासांनी प्रत्येक ट्रेचं वजन घेतलं. खालच्या ट्रेमधून वर जाताना हवा थंड आणि दमट होते, हे त्या नोंदींतून कळलं आणि आम्ही ट्रेची अदलाबदल सुरू केली. आता मला औष्णिक ऊर्जेत एमएस करायचं आहे. तुम्ही माझं काम पाहिलं आहे, म्हणून शिफारसपत्रासाठी विनंती करते. पहिली मुदत १५ डिसेंबर आहे. तुमची तयारी असेल तर विद्यापीठांची यादी आणि इतर कागद पाठवते. सध्या वेळ नसेल तर तसं जरूर कळवा, मी दुसरी सोय बघेन.’

ट्रेच्या वजनाची गोष्ट वाचताच सरांपुढे ती मुलगी उभी राहते. पत्राचा मुख्य परिच्छेदही त्यांच्या हाती येतो, कारण चिकाटी, मोजमापाची सवय आणि कारण शोधण्याची वृत्ती हे सगळं त्या एका प्रसंगात आहे. शेवटचं वाक्यही महत्त्वाचं. संकोचानं ‘हो’ म्हणालेल्या माणसाचं पत्र कोमट उतरतं.

होकार आल्यावर दुसरा मेल. त्यात मार्कशीट, रेझ्युमे, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि एमएस कशासाठी करायचं हे सांगणारं निवेदन, कच्चं असलं तरी चालेल. सोबत विद्यापीठांची यादी मुदतीच्या क्रमानं. अर्जात सरांचा कॉलेजचा ईमेल भरला की विद्यापीठ त्यांना थेट लिंक पाठवतं. ती पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन पडते, म्हणून ‘आज अमुक विद्यापीठाची लिंक येईल’ असं त्याच दिवशी कळवलेलं बरं. लिंक उघडल्यावर पत्राबरोबर बहुधा एक फॉर्मही असतो : विद्यार्थी वर्गात वरच्या ५ टक्क्यांत होता की १० टक्क्यांत? खरा क्रमांक मार्कशीटवर किंवा मेलमध्ये असला तर सरांना अंदाजानं खूण करावी लागत नाही.

अर्जातला आणखी एक प्रश्न मुलं न वाचताच सोडतात. अमेरिकेतल्या १९७४च्या कायद्यानुसार प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहता येतात, आणि शिफारसपत्र पाहण्याचा हक्क आधीच सोडण्याची मुभाही असते. तो सोडलेला बरा. पत्र मोकळेपणानं लिहिलं आहे, असा भरवसा वाचणाऱ्याला त्यातून मिळतो.

आपल्याकडची खरी अडचण मात्र वेगळी आहे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ असं अनेक सर कामाच्या गर्दीत म्हणतात. विद्यार्थी मग एकाच बैठकीत तीन पत्रं लिहितो आणि तिन्हींत तीच विशेषणं, तीच वाक्यरचना येते. रोज पत्रं वाचणाऱ्याच्या ते नजरेत भरतं. अशा वेळी पूर्ण पत्र न देता चार-पाच मुद्दे आणि त्यांचे पुरावे द्यावेत, वाक्यं सरांची असू द्यावीत. सरांच्या नावानं स्वतःच जीमेल खातं उघडून पत्र चढवणं ही तर सरळ फसवणूक आहे. ती उघड झाली तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

मुदतीच्या आठवडाभर आधी एक नम्र आठवण पुरे. आणि प्रवेश मिळो न मिळो, निकाल सरांना आवर्जून कळवा.