दप्तर भरण्याआधी रिकामे करा

दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ठरवून दिले. तिसरीतल्या 20 किलोच्या मुलासाठी ही मर्यादा 2 किलो होते. त्यात रिकामे दप्तर अर्धा किलो, अर्धा लिटर पाण्याची बाटली साधारण 600 ग्रॅम आणि भरलेला डबा 300 ग्रॅम धरला, तर वह्या-पुस्तकांसाठी जेमतेम 600 ग्रॅम उरतात. म्हणून वेळापत्रकाची प्रत दप्तराच्या झाकणाच्या आत चिकटवावी आणि रोज रात्री दप्तर पूर्ण रिकामे करून उद्याच्या तासांपुरतेच भरावे. नुसती भर घालत गेले की कालची पुस्तके तशीच राहतात. तळाशी दुमडलेली वही सापडली, तर दप्तर रिकामे होत नाही हे ओळखावे.

ऐनवेळी तास बदलला तर काय, ही शंका रास्त आहे. पण त्यासाठी सगळी पुस्तके रोज वाहण्यापेक्षा शेजारच्या मुलाच्या पुस्तकात बघणे सोपे. पाणी मात्र कमी करू नये; शाळेत शुद्ध पाणी असेल तर बाटली तिथे पुन्हा भरावी. शाळेत जे मिळते ते घरून वाहू नये, हा नियम डब्यालाही लागू पडतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार मिळतो, त्या दिवशी मधल्या छोट्या सुटीपुरता खाऊ पुरे. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा डबा त्या वेळेप्रमाणे ठरवावा.