चंद्र दिसला, उद्याच्या डब्याचं काय?

खाणावळीत न जेवलेल्या वेळेला 'खाडा' म्हणतात. पूर्वी खाडे वहीत लिहायचे आणि महिनाअखेर हिशेबात वजा करायचे. आता डब्याचे पैसे आठवड्याला आगाऊ, मोबाईलवरून भरायची सोय करता येते. खाडा मात्र सुटलेला नाही आणि रमजानमध्ये त्याची खरी परीक्षा होते.

समजा, मालवणात एक काकी दुपारचे डबे देतात. सोमवार ते शनिवार सहा डबे, 720 रुपये. त्यांचा एक गिऱ्हाईक रोजे धरणारा. बुधवारपर्यंत त्याने तीन डबे घेतले, संध्याकाळी चंद्र दिसला आणि गुरुवारी पहिला रोजा. पहिली अडचण वेळेची. काकींना सकाळी किनाऱ्यावर मासळी घ्यायची असते, म्हणून 'उद्याचा खाडा संध्याकाळी सहापर्यंत कळवा' असा त्यांचा नियम. तो रास्तच आहे. पण चंद्र दिसतो तो सूर्य मावळल्यावर, सातच्या सुमारास. तेव्हा त्या एका संध्याकाळी ही मुदत रात्री नऊपर्यंत वाढवावी लागते. मासळी तर सकाळीच घ्यायची, त्यामुळे काकींचं नुकसान नाही.

दुसरी गोष्ट, खाडा आणि डबा थांबवणं एक नव्हे. संकष्टीचा उपास एका दिवसाचा, तारीख आधी ठाऊक. तिथे खाडा पुरतो. रमजान 29 दिवसांचा की 30, ते शेवटच्या संध्याकाळी ठरतं. 2025 साली आपल्याकडे 2 मार्चला पहिला रोजा आणि 31 मार्चला ईद झाली, म्हणजे 29 रोजे. म्हणून 'पुन्हा सुरू करा' म्हणेपर्यंत डबा बंद राहील, अशी तारखेविना सोय हवी.

खरी फसगत पुढे आहे. योजना तारखेवर बांधलेली असेल, तर शनिवारी आठवडा संपतो, उरलेल्या तीन डब्यांचे 360 रुपये बुडतात आणि वर नव्या आठवड्याचे 720 आपोआप कापले जातात. डबा थांबवला तरी बँकेला दिलेली यूपीआय ऑटोपेची परवानगी चालूच असते! ती वेगळी थांबवावी लागते, नाहीतर डबेवाल्यांनी पैशांची मागणीच पाठवायची नाही.

योजना डब्यांवर मोजली तर हा गोंधळ होत नाही. तीन डबे महिनाभर खात्यात राहतात. समजा, ईदनंतर सोमवारी डबा सुरू झाला, तर बुधवारी ते संपतील आणि नवे पैसे तेव्हा कापायचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कापण्याआधी किमान 24 तास सूचना द्यावी लागते, म्हणजे ती मंगळवारीच जायला हवी. परवानगीही 'दर आठवड्याला' अशी न घेता 'लागेल तेव्हा' अशी घ्यावी. सूचना गेल्यावर कुणी डबा थांबवला आणि पैसे कापले गेलेच, तर ते पुढच्या सहा डब्यांचे म्हणून जमा दाखवायचे.

काहींना डबा बंद नको, फक्त इफ्तारच्या वेळी हवा असतो. त्यांच्यासाठी वेळ बदलायची, खाडा लावायचा नाही.