ब्रॅकेट उभा छापावा की आडवा?

भिंतीवर फळी बसवायची आहे. नव्या इंजिनिअरने त्यासाठी इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचा ब्रॅकेट काढला आहे: भिंतीला टेकणारी बाजू ८० मिलिमीटर, फळीखालची ६०, रुंदी २०. तो प्लास्टिकच्या थ्रीडी प्रिंटरवर छापायचा आहे. चित्र बरोबर आहे, पण यंत्रावर तो कसा ठेवायचा हे अजून ठरलेले नाही.

हा प्रिंटर वितळलेल्या प्लास्टिकची रेघ ओढत थरावर थर चढवतो. थर ०.२ मिलिमीटर जाड आणि रेघ ०.४ मिलिमीटर रुंद धरू. भिंत ४५ अंशांत कलली, तर प्रत्येक थर खालच्यापेक्षा ०.२ मिलिमीटर बाहेर सरकतो. म्हणजे रेघेचा निम्मा भाग टेकलेला राहतो. उभ्यापासून कल ६० अंश झाला, की सरक ०.३५ होते आणि जवळजवळ सगळी रेघ हवेत लोंबते. अशा लोंबत्या भागाला ओव्हरहँग म्हणतात. ४५ अंशांचा ठोकताळा आला तो यातूनच.

ब्रॅकेट भिंतीवर जसा बसेल तसाच छापला, तर ६० मिलिमीटरची आडवी बाजू पूर्ण अधांतरी येते. तिच्याखाली बेडपासून वरपर्यंत सपोर्ट, म्हणजे तात्पुरते टेकू, उभारावे लागतात. ते नंतर तोडता यावेत म्हणून टेकू आणि भाग यांत बारीक फट ठेवतात. त्यामुळे खालचा पृष्ठभाग खडबडीत निघतो, शिवाय प्लास्टिक वाया जाते.

मग तो उलटा करून आडवी बाजू बेडवर टेकवली तर? टेकू लागत नाहीत. इथेच नवखा फसतो. फळीवर वजन आले की ताण कोपऱ्याजवळ एकवटतो आणि थरांना एकमेकांपासून उचकटू पाहतो. दोन थरांमधला जोड सलग रेघेपेक्षा कमकुवत असतो. त्यामुळे तुटलेला ब्रॅकेट हातात घेतला, तर भेग थराच्या रेषेतून सरळ गेलेली दिसते.

तिसरा पर्याय म्हणजे ब्रॅकेट कुशीवर झोपवणे. आता प्रत्येक थरात पूर्ण ‘एल’ येतो, रेघा कोपऱ्यातून सलग वळतात आणि ताण थरांच्या सांध्यांवर न येता रेघांच्या लांबीवर येतो. उंची ८० ऐवजी २० मिलिमीटर. ४०० थरांच्या जागी १००.

एक अडचण उरते. स्क्रूची भोके आता आडवी झाली आणि गोल भोकाचे छत जवळजवळ सपाट असल्याने मोठ्या भोकात ते खाली झुकते. उपाय चित्रातच करायचा: भोकाच्या माथ्याला ४५ अंशांचे टोक देऊन थेंबाचा आकार करायचा. बेडवरच्या कडांना गोलाई देणेही टाळावे, कारण तिचा सर्वांत खालचा भाग जवळजवळ आडवा लोंबतो. तिथे ४५ अंशांचा सरळ उतार नीट छापला जातो.

धातूची पूड लेझरने वितळवणाऱ्या यंत्रावर हिशेब बदलतो. तिथे टेकू उष्णता खाली वाहून नेतात आणि तापून वाकू पाहणारा भाग तळाच्या प्लेटला जखडून ठेवतात. ते हाताने सहज निघत नाहीत, कापावे लागतात. म्हणून तिथे आराखडा करतानाच कापायचे हत्यार टेकूपर्यंत कुठून पोचेल हेही ठरवावे लागते.