पाख्यावर किती कौलं बसतील?

मंगलोरी कौलांचा हिशेब विचारला की बहुतेक जण एकच उत्तर देतात: चौरस मीटरला पंधरा. उत्तर चुकीचं नाही. पण ते कुठल्या चौरस मीटरला, हे सहसा कोणी सांगत नाही आणि गाडी रिकामी होऊन छपराचा वरचा भाग उघडाच राहिल्यावर मग शोधाशोध सुरू होते. त्यात उरलेली शे-दीडशे कौलं दुसऱ्या कारखान्याची मिळाली तर ती आधीच्यांत बसतही नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या घरांवर पुन्हा कौलं चढवायची वेळ आली, तेव्हा हा हिशेब किती जणांना नव्याने मांडावा लागला असेल, याची कल्पना करता येते.

हे कौल आपल्याकडे मंगळुराहून आलं. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये तिथल्या जेप्पूला कारखाना काढला. त्याआधीच्या नळीच्या कौलांना ठरावीक माप असं नव्हतं, ती एकमेकांवर हवी तशी रेटता येत. मंगलोरी कौलाला मात्र वर, खाली आणि दोन्ही बाजूंना खाचा असतात आणि एकाची खाच दुसऱ्याच्या उंचवट्यात बसते. म्हणूनच त्याची मोजणी नेमकी करता येते. हिशेब चुकला तर ते तितकंच हट्टीही होतं.

भारतीय मानकात या कौलाची तीन मापं आहेत: ४१० बाय २३५, ४२० बाय २५० आणि ४२५ बाय २६० मिलिमीटर. लांबीत किमान ६० आणि रुंदीत किमान २५ मिलिमीटर भाग शेजारच्या कौलाखाली किंवा कौलावर जायला हवा. म्हणजे ४१ सेंमी लांबीचं कौल छपराची ४१ सेंमी लांबी कधीच झाकत नाही. लहान मापाच्या कौलांसाठी रिपांमधलं अंतर साधारण ३२ सेंमी ठेवतात, त्यामुळे लांबीतले ९ सेंमी झाकणात जातात. रुंदीत २३.५ पैकी २१ उरतात. ३२ गुणिले २१ म्हणजे ६७२ चौरस सेंटिमीटर, आणि एका चौरस मीटरमध्ये अशी १४.९ कौलं मावतात. पंधराचा आकडा आला तो इथून.

आता एक घर घेऊ. भिंतीच्या बाहेरून बाहेरपर्यंत रुंदी ६ मीटर, दुपाखी छप्पर, दोन्हीकडे वळचण ६० सेंमी बाहेर काढलेली. कडेच्या त्रिकोणी भिंतींबाहेर काढलेला भाग धरून छपराची लांबी ९.६ मीटर. आढ्याखालच्या मध्यापासून वळचणीच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर झालं ३ अधिक ०.६, म्हणजे ३.६ मीटर. वळचणीच्या टोकाच्या पातळीपासून आढं २.१ मीटर वर आहे. शाळेतला काटकोन त्रिकोण आठवला तर ३.६ चा वर्ग १२.९६, २.१ चा वर्ग ४.४१, बेरीज १७.३७ आणि तिचं वर्गमूळ ४.१७. पाख्याची तिरकी लांबी ४१७ सेंमी. उतार तीस अंशांचा, कोकणातल्या पावसाला साजेसा. वासे चढलेले असतील तर हा त्रिकोण मांडायची गरजच नाही. आढ्यापासून वळचणीपर्यंत वाशावरून टेप सोडावा. मात्र तो पाख्याच्या दोन्ही टोकांना सोडावा, कारण जुन्या घरात आढं खचलेलं असतं आणि दोन टोकांत चार-पाच सेंमींचा फरक सहज निघतो.

ठोकळ हिशेबात लोक घसरतात ते इथेच. जमिनीवरचं माप, म्हणजे ७.२ बाय ९.६, घेतलं तर क्षेत्र ६९ चौरस मीटर भरतं आणि कौलं येतात १०३७. तिरकं माप घेतलं तर दोन पाख्यांचं क्षेत्र ८० चौरस मीटर आणि कौलं १२००. नुसता उतार विसरला म्हणून १६० कौलं कमी! याहून मोठी चूक म्हणजे झाकण विसरून कौलाच्या पूर्ण मापाने भागणं. तसं केलं तर ८३१ येतात, म्हणजे छपराचा जवळजवळ तिसरा हिस्सा उघडा.

पण क्षेत्रफळाने भागणं हा अंदाज झाला, मोजणी नव्हे. कौलं क्षेत्रफळात बसत नाहीत, ती ओळींत बसतात आणि अर्धी ओळ बसवता येत नाही. सुतार आधी आडव्या ओळी किती हे ठरवतो, कारण रिपा त्यावर ठोकायच्या असतात.

त्यासाठी हातात कौलं हवीत. कागदावरचं माप उपयोगाचं नाही. माती भट्टीत आटते आणि ती किती आटेल हे मातीवर, भट्टीवर, कधी भट्टीतल्या जागेवरही ठरतं. एका ओळीला अर्ध्या सेंटिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो, पण बारा ओळींत तो सहा सेंमी होतो. म्हणून आलेल्या गाडीतली अकरा कौलं सपाट अंगणात छपरावर लावतात तशी एकात एक अडकवून एका रेषेत मांडायची. आधी खाचांत जेवढी सैल होतील तेवढी ओढायची आणि पहिल्या कौलाच्या खालच्या कडेपासून अकराव्याच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचं. मग सगळी आवळून तेच अंतर पुन्हा मोजायचं. अकरा कौलांत दहा अंतरं असतात, म्हणून दहाने भागायचं. समजा ओढून ३२५ सेंमी आलं आणि आवळून ३१२. म्हणजे या कौलांसाठी रिपांमधलं अंतर ३१.२ पासून ३२.५ पर्यंत कुठेही चालेल. हे सव्वा सेंटिमीटर सुताराच्या हातातलं स्वातंत्र्य आहे. रुंदीचंही असंच काढायचं, तिथे मोकळीक फार थोडी मिळते.

आता ओळी. पाख्याची लांबी ४१७. खालची कौलं वाशाच्या टोकाबाहेर ५ सेंमी काढली, म्हणजे पाणी थेट पन्हळीत पडेल. आढ्यापाशी दोन्ही पाख्यांची कौलं एकमेकांना भिडवत नाहीत; चारेक सेंमी सोडतात, ते वरून कोने झाकतात. तेव्हा कौलांनी भरायची लांबी ४१७ अधिक ५ वजा ४, म्हणजे ४१८ सेंमी. यात एक कौल पुरतं ४१ मोजायचं आणि बाकीच्यांचे ३२-३२ धरायचे. बारा ओळी घेतल्या तर ४१ अधिक ११ वेळा ३२, म्हणजे ३९३. पंचवीस सेंमी कमी. तेरा घेतल्या तर ४२५. सात सेंमी जास्त. मग ४१८ मधून ४१ वजा करून उरलेल्या ३७७ ला १२ ने भागलं की ३१.४ येतात. हे आपल्या ३१.२ ते ३२.५ च्या आत आहे. म्हणजे तेरा ओळी, रिपा ३१.४ सेंमीवर. कौल कापायचं नाही आणि ताणायचंही नाही.

उभ्या रांगा सोप्या: ९६० ला २१ ने भागून ४५.७, म्हणजे ४६. कडेला आठ-नऊ सेंमी जास्त बाहेर येतात, ते रिपा थोड्या लांब ठेवून दोन्ही बाजूंना वाटून घ्यायचे. एका पाख्याला ४६ गुणिले १३, म्हणजे ५९८. दोन्ही मिळून ११९६. ठोकळ हिशेबाच्या १२०० च्या अगदी जवळ, पण हा योगायोग आहे. पाखं फक्त वीस सेंमी लांब असतं तर चौदावी ओळ लागली असती आणि आकडा १२८८ वर गेला असता, तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने तो १२५७ च्या आसपासच राहिला असता. घर नवं असेल तर अशा वेळी सुताराला विचारून वळचण थोडी आत घेणं शहाणपणाचं. ९२ कौलांचा खर्च आणि वजन दोन्ही वाचतं.

तेराऐवजी बारा ओळींत काम भागवायचा मोह नेहमी होतो. तसं करायला रिपा ३४ सेंमीवर जातात. कौल तिथे टेकतं, खालून पाहिलं तर छप्पर भरलेलंही दिसतं, पण खाचा एकमेकींत बसलेल्या नसतात. झाकण केवढं यापेक्षा ते किती उभं आहे याला महत्त्व असतं, कारण वारा पाण्याला चढावर ढकलतो. तीस अंशांच्या उतारावर ९ सेंमी झाकण उंचीत मोजलं तर साडेचार सेंमी भरतं. पंधरा अंशांवर तेच सव्वादोन सेंमी उरतं. शिवाय प्रत्येक कौलाची खालची कड खालच्या कौलावर टेकलेली असल्यामुळे ते वाशापेक्षा थोडं आडवंच झोपलेलं असतं. म्हणूनच उतार कमी केला की मंगलोरी कौल गळतं आणि झाकण वाढवून ते भरून काढता येत नाही, कारण खाचा जागच्या जागी असतात. रिपा ताणल्या गेल्यात हे ओळखायची खूण सोपी आहे. गळतीचे डाग एखाद-दुसऱ्या ठिकाणी न पडता रिपेच्या रेषेत आडवे पडतात. फुटलेल्या कौलाचा डाग एकटा असतो.

सगळ्यात खालच्या रिपेचं एक वेगळं आहे. प्रत्येक कौलाची खालची कड दुसऱ्या कौलावर टेकते, पण शेवटच्या ओळीखाली कौलच नसतं. तिथे इतरांसारखीच रीप लावली तर ती ओळ खाली झुकते आणि वरच्या ओळीशी फट पडते. म्हणून वळचणीची रीप एका कौलाच्या जाडीइतकी उंच घेतात.

आता ११९६ वर काय धरायचं? वाहतुकीत आणि चढवताना फुटणाऱ्यांसाठी शेकडा पाच, म्हणजे साठ. कोने वेगळे मोजायचे: मिळणारा कोना झाकण सोडून ३५ सेंमी लांबी भरत असेल तर ९६० ला २८ लागतील, आणि दोन-तीन जादा. छप्पर चौपाखी असेल तर उतार सगळीकडे सारखाच ठेवल्यास क्षेत्रफळ दुपाखीइतकंच भरतं, पण कोनवाशांवर प्रत्येक ओळीत कौल तिरकं कापावं लागतं, कापलेला तुकडा क्वचितच दुसरीकडे लागतो आणि कोनवाशांवरही कोने चढवावे लागतात. तिथे शेकडा पाच पुरत नाहीत, दहा धरावेत.

तेव्हा या घराची मागणी १२६० कौलं आणि ३० कोने अशी लिहा, सगळी एकाच कारखान्याची, शक्यतो एकाच भट्टीची. काम झाल्यावर उरलेली कौलं परत देऊ नका. ती पडवीच्या कोपऱ्यात उभी लावून ठेवा. दहा वर्षांनी एखादं कौल फुटेल तेव्हा त्याच खाचांचं कौल बाजारात मिळेलच असं नाही.