लांब केबल, तारेची जाडी आणि पंपापर्यंत न पोहोचणारे व्होल्टेज

दिल्लीच्या नैर्ऋत्येला नजफगढकडच्या शेतांत कूपनलिकेवर सबमर्सिबल पंप असतात. समजा, मीटरची पेटी रस्त्याकडेला आहे आणि पंप ३०० मीटर केबलच्या टोकाला. पंप ५ अश्वशक्तीचा, तीन फेजचा. तो सुमारे ८ अँपिअर विद्युतधारा घेतो. केबल तांब्याची, २.५ चौ. मि.मी.ची.

या तारेचा रोध दर किलोमीटरला साधारण ८ ओहम, म्हणजे ३०० मीटरला २.४ ओहम. तिन्ही तारांत मिळून उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती अशी काढतात:

P = 3I²R = 3 × 8² × 2.4 ≈ 460 W

पॉवर फॅक्टर ०.८२ धरला, तर दोन फेजमधील व्होल्टेज सुमारे २७ व्होल्टने घटते. मीटरजवळ ४१५ असले, तर पंपाला ३८८ मिळतात. हीच केबल ६ चौ. मि.मी.ची घेतली, तर रोध साधारण १ ओहमवर येतो आणि तोटा १९० वॉटवर. फरक २७० वॉट. रोज ६ तास, वर्षाला १५० दिवस पंप चालला, तर सुमारे २४३ युनिट वाचतात.

खरी गोम पुढे आहे. हीटरला व्होल्टेज कमी मिळाले की तो कमी विद्युतधारा घेतो. मोटरचे तसे नाही. तिच्यावरचा पाण्याचा भार जवळजवळ तोच राहतो, म्हणून ती जास्त विद्युतधारा ओढते. मीटरजवळ ३६० व्होल्टच आले, तर पातळ केबलमधून सुमारे ९.५ अँपिअर वाहतात. केबलमधला तोटा ६५० वॉटवर जातो आणि पंपाला जेमतेम ३२८ व्होल्ट मिळतात. आता केबलसोबत मोटरचे वाइंडिंगही तापते. जाड केबलने केबलमधली घट कमी होते. मुळात मीटरलाच कमी आलेले व्होल्टेज मात्र ती भरून काढू शकत नाही.

ही घट मोजताना एक फसवणूक होते. पंप बंद असताना मल्टिमीटर केबलच्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच आकडा दाखवतो, कारण विद्युतधाराच वाहत नसते. म्हणून पंप चालू ठेवूनच, शक्यतो तंत्रज्ञाकडून, मीटरपाशी आणि बोअरच्या तोंडाशी मोजून घ्यावे. केबल सगळीकडे सारखी कोमट लागली, तर ती पातळ आहे. एकच जागा तापत असेल, तर तिथला सांधा ढिला आहे. त्यासाठी सगळी केबल बदलण्याची गरज नाही.

दुकानात जुने लोक अजून गेजमध्ये बोलतात. तिथे गेजचा आकडा वाढला की तार पातळ होते. ‘७/२०’ म्हणजे २० गेजच्या सात तारा, मिळून साधारण ४.५ चौ. मि.मी. ॲल्युमिनियम घेतल्यास तांब्याइतक्याच रोधासाठी सुमारे १.६ पट क्षेत्रफळ लागते.